लॅपटॉपवर ९८ टक्के, नव्या बागेत ६०: पाठांतर करणारं मॉडेल कसं ओळखायचं आणि कसं सुधारायचं

हा लेख एकाच बिघाडाबद्दल आहे. द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून ‘डाऊनी’, ‘भुरी’ की ‘निरोगी’ हे सांगणारं मॉडेल प्रयोगशाळेत उत्तम चालतं आणि प्रत्यक्ष बागेत गेल्यावर ढासळतं. नाशिकच्या आसपास असे प्रकल्प बरेच होतात, म्हणून उदाहरण द्राक्षाचं घेतलं आहे. तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, मेहनतीच्या आणि खर्चाच्या नंतर, अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन तपासण्या न करता केलेली पुढची सगळी दुरुस्ती चुकीच्या आकड्यावर उभी राहते.

लक्षणं

ट्रेनिंगची अ‍ॅक्युरसी १०० टक्क्यांना टेकते. ट्रेनिंगचा लॉस, म्हणजे उत्तरं किती चुकली याचं माप, शून्याकडे जात राहतो, पण शिकताना न दाखवलेल्या फोटोंवरचा, म्हणजे व्हॅलिडेशनचा, लॉस काही इपॉकनंतर, म्हणजे सगळ्या फोटोंच्या काही फेऱ्यांनंतर, खाली यायचा थांबतो आणि हळूहळू वर चढू लागतो. ज्या प्लॉटमध्ये फोटो काढले होते तिथे पुन्हा गेलं तर उत्तरं बरी येतात. दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या बागेत मात्र पाचातली दोन पानं चुकतात, आणि तीही ठामपणे: स्वच्छ पानाला ‘डाऊनी, ९९ टक्के खात्री’. फोन बदलला, आभाळ आलं, पान जरा तिरपं धरलं की उत्तर बदलतं.

आणखी एक लक्षण आहे आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं: ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशन दोन्हींची अ‍ॅक्युरसी उत्तम, दोघांत फरकच नाही, तरीही बागेत गेल्यावर अपयश. त्याच्याकडे दुसऱ्या तपासणीत येऊ.

नेमकं बिघडतं काय

दहावीचा एक विद्यार्थी धरा. त्याने मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट पाठ केल्या आहेत. त्यांत एक गणित आहे: एक नळ टाकी २० मिनिटांत भरतो, दुसरा ३० मिनिटांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर १२ मिनिटं. घरी विचारलं तर तो डोळे मिटून ‘बारा’ सांगतो. परीक्षेत आकडे बदलून येतात, २४ आणि ४०. बरोबर उत्तर १५ मिनिटं. हा ‘बारा’च लिहून येतो, कारण त्याच्या डोक्यात एका मिनिटात टाकीचा कितवा भाग भरतो हा विचार कधी आलाच नाही. ‘दोन नळ, एक टाकी’ हे शब्द दिसले की ‘बारा’, एवढीच त्याची शिकवण.

मॉडेलचंही तेच होतं. पानावरचा तेलकट पिवळसर डाग म्हणजे डाऊनी आणि पांढरी पिठासारखी बुरशी म्हणजे भुरी, हे शिकण्याऐवजी ते ‘कोपऱ्यात निळी ठिबक नळी असलेला फोटो म्हणजे डाऊनी’ असं काहीतरी पाठ करतं. ट्रेनिंगच्या फोटोंवर ते बरोबरच ठरतं, त्यामुळे लॉस कमी होतो आणि मॉडेलला बदलायचं काही कारण उरत नाही. यालाच ओव्हरफिटिंग म्हणतात. पाठ केलेले फोटो म्हणजे ट्रेनिंगचा संच, सराव परीक्षा म्हणजे व्हॅलिडेशनचा आणि बोर्डाचं सीलबंद पाकीट म्हणजे टेस्टचा. पुढे हीच तुलना वापरली आहे.

उदाहरणाचे आकडे पूर्ण लेखात एकच ठेवले आहेत. ते समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या प्रकल्पाचे नाहीत. १२ प्लॉट, प्रत्येकात २० पानं, म्हणजे २४० पानं. प्रत्येक पानाचे वेगवेगळ्या कोनांतून ५ फोटो, म्हणजे १,२०० फोटो. वर्ग तीन. मॉडेल रेसनेट-५०, ज्यात सुमारे अडीच कोटी पॅरामीटर असतात. फोटो नुसते मिसळून ८०:२० असे वाटले. निकाल: ट्रेनिंग १००, व्हॅलिडेशन ९८.

पहिली तपासणी: दोन आकडे शेजारी ठेवा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशन, दोन्हींचा लॉस एकाच आलेखावर काढा. फक्त शेवटच्या इपॉकचा आकडा पाहू नका, सगळी रेघ बघा.

दोन्ही आकडे वाईट असतील, समजा ५५ आणि ५२, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्या विद्यार्थ्याने पाठही केलेलं नाही आणि समजूनही घेतलेलं नाही. मॉडेल फार लहान आहे, लर्निंग रेट चुकला आहे किंवा फोटोंची नावं आणि वर्ग यांची जुळणीच बिघडली आहे, ते आधी पाहा. ट्रेनिंग १०० आणि व्हॅलिडेशन ६५ असेल तर पाठांतर उघड आहे. दोन्ही ९८ च्या वर असतील तर आनंद करण्याआधी दुसरी तपासणी करा.

इथे एक तांत्रिक चूक नेहमी होते. इपॉक चालू असताना स्क्रीनवर दिसणारी ट्रेनिंगची अ‍ॅक्युरसी ड्रॉपआउट, म्हणजे नेटवर्कचे काही भाग मुद्दाम बंद ठेवणं, आणि ऑगमेंटेशन, म्हणजे फोटो थोडे बदलून देणं, चालू असतानाची असते, व्हॅलिडेशनची मात्र ते बंद असतानाची. म्हणजे विद्यार्थ्याला घरी गोंगाटात बसवून तपासलं आणि सराव परीक्षेला शांत खोलीत. त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा कमी दिसतो, कधी उलटाही दिसतो. ट्रेनिंग संपल्यावर, ऑगमेंटेशन न लावलेल्या ट्रेनिंगच्या फोटोंवर `model.evaluate` वेगळं चालवा आणि तो आकडा धरा.

लॉस वर चढतोय पण अ‍ॅक्युरसी तशीच आहे, असंही दिसेल. याचा अर्थ चुकांची संख्या वाढलेली नाही, पण जिथे चुकतं तिथे मॉडेल जास्त ठाम झालं आहे. शेतकऱ्याला ‘९९ टक्के खात्री’ दाखवणार असाल तर हे आधी सुधारायला हवं.

दुसरी तपासणी: पेपर फुटला आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खर्च अजूनही शून्य आहे आणि बहुतेक ‘९८ टक्के’ इथेच विरघळतात.

आपल्या उदाहरणात एका पानाचे ५ फोटो आहेत. फोटो नुसते मिसळून वाटले तर व्हॅलिडेशनमधल्या एखाद्या फोटोची उरलेली चारही भावंडं ट्रेनिंगबाहेर असण्याची शक्यता किती? प्रत्येक भावंड व्हॅलिडेशनमध्ये जाण्याची शक्यता ०.२, म्हणून ०.२ × ०.२ × ०.२ × ०.२ = ०.००१६. व्हॅलिडेशनच्या २४० फोटोंपैकी एखादाच, तोही झाला तर. बाकी प्रत्येक फोटोतलं पान मॉडेलने आधी पाहिलेलं आहे. सराव परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न जरा वेगळ्या अक्षरात छापून आला आहे. ९८ टक्के पडणारच.

फोटो खरोखरच तेच आहेत का, हे फाइलच्या md5 वरून, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशावरून, तपासायला बरेच जण सुरुवात करतात. ते करा, पण त्यावर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पुन्हा दाबला जातो, त्यामुळे तोच फोटो असूनही md5 वेगळा येतो. शिवाय फोटो काढल्याची वेळ आणि जागा सांगणारी माहितीही गळून पडते. असे जवळजवळ सारखे फोटो शोधायला `imagehash` मधला, फोटोच्या दिसण्यावरून ठसा काढणारा phash वापरा आणि ज्या जोड्यांतला फरक अगदी कमी येतो त्या डोळ्यांनी पाहा. मात्र त्याच पानाचा दुसऱ्या कोनातला फोटो phash ला ओळखता येत नाही. त्यासाठी प्रत्येक फोटोपुढे पानाचा क्रमांक आणि प्लॉटचा क्रमांक लिहिलेली यादीच लागते. ती नसेल तर मूळ फाइली ड्राइव्हवर मागवा, वेळेनुसार लावा आणि यादी हाताने तयार करा. १,२०० फोटोंना एक दुपार जाते. या प्रकल्पात त्या दुपारीइतकं मोलाचं दुसरं काम नाही.

यादी झाली की वाटणी फोटोनुसार करू नका, पानानुसारही करू नका, प्लॉटनुसार करा. पूर्ण प्लॉट एकतर ट्रेनिंगमध्ये, नाहीतर व्हॅलिडेशनमध्ये. खालचा कोड प्लॉटचे चार भाग पाडतो आणि पाळीपाळीने एकेक भाग व्हॅलिडेशनला ठेवतो. एका प्लॉटमधल्या पानांची माती, द्राक्षाची जात, छाटणीची तारीख, फवारणी आणि फोटो काढणारा फोन सारखा असतो, त्यामुळे पान वेगळं असूनही बरंच काही फुटलेलं असतं.

```python
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold

cv = StratifiedGroupKFold(n_splits=4, shuffle=True, random_state=7)
for tr, va in cv.split(df["file"], df["label"], groups=df["plot"]):
    a, b = set(df.iloc[tr]["plot"]), set(df.iloc[va]["plot"])
    assert not (a & b)
    print(sorted(b), df.iloc[va]["label"].value_counts().to_dict())
```

छापलेल्या ओळी वाचा. एखाद्या भागात ‘भुरी’चे फोटोच नसतील तर त्या भागाचा आकडा निरुपयोगी आहे. प्रत्येक वर्ग निदान तीन-चार वेगळ्या प्लॉटमधून आलेला असायला हवा. ‘डाऊनी’ फक्त एका प्लॉटमधून आली असेल, तर मॉडेल रोग ओळखतंय की तो प्लॉट ओळखतंय, हे कोणत्याच वाटणीने कळणार नाही. तेव्हा सरळ पाचव्या तपासणीकडे जा.

आपल्या उदाहरणात प्लॉटनुसार वाटल्यावर चार भागांचे आकडे आले ७१, ४८, ६६ आणि ५५. सरासरी ६०. मॉडेल तेच, फोटो तेच, फक्त सराव परीक्षा प्रामाणिक झाली. तीन वर्ग सारख्या संख्येने असताना नुसत्या अंदाजाने ३३ मिळतात, हे ध्यानात ठेवून ६० कडे पाहा. आणि सरासरीइतकंच ४८ ते ७१ या अंतराकडे पाहा: कोणता प्लॉट वाट्याला येतो यावर निकाल २३ अंकांनी हलतो आहे. अहवालात हे चारही आकडे लिहा.

वाटणी अजूनही गळते आहे का, याची खात्री करायचा एक नेमका उपाय आहे: खोटी उत्तरसूची. पानांची उत्तरं आपसांत अदलाबदल करा. पण फोटोनिहाय नाही, पानानिहाय, म्हणजे एका पानाच्या पाचही फोटोंना तेच खोटं उत्तर मिळेल.

```python
leaf = df.groupby("leaf")["label"].first()
fake = dict(zip(leaf.index, leaf.sample(frac=1, random_state=3).values))
df["fake"] = df["leaf"].map(fake)
```

आता `fake` वर मॉडेल शिकवा. उत्तरं अर्थहीन आहेत, त्यामुळे नव्या पानांवर ३३ च्या आसपासच आकडा यायला हवा. जुन्या, फोटोनिहाय वाटणीवर चालवलं तर व्हॅलिडेशनचा आकडा ३३ च्या खूप वर जाईल, कारण मॉडेलने पान ओळखलं आणि त्या पानाचं पाठ केलेलं खोटं उत्तर सांगितलं. शिकण्यासारखं काहीच नसताना मार्क पडले, म्हणजे पेपर फुटला आहे. यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही. ट्रेनिंगची अ‍ॅक्युरसी मात्र खोट्या उत्तरांवरही १०० कडे जाईल. त्याने गोंधळू नका. २०१७ मध्ये चियुआन झांग आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या न्यूरल नेटवर्कना पूर्णपणे यादृच्छिक उत्तरं देऊन पाहिलं, तरी ती नेटवर्क ट्रेनिंगचे सगळे फोटो बिनचूक पाठ करू शकली. मोठ्या मॉडेलची पाठांतराची ताकद अफाट असते, म्हणूनच ट्रेनिंगच्या १०० टक्क्यांवरून काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी तपासणी: मॉडेल पानाकडे बघतंय का?

वेळ एक संध्याकाळ. सगळ्यात वाईट निकाल आलेला भाग घ्या, आपल्या उदाहरणात ४८ चा, आणि त्यातले चुकलेले फोटो एका पानावर लहान-लहान छापून समोर ठेवा. धरा की चुका एकाच प्रकारच्या आहेत: निरोगी पानांना ‘डाऊनी’ म्हटलं आहे आणि त्या सगळ्या पानांवर बोर्डो मिश्रणाचे निळसर ठिपके आहेत. मग ट्रेनिंगचे प्लॉट पाहा. तिथे ज्या बागेत डाऊनी आली होती तिथेच बोर्डो मारलेलं होतं आणि निरोगी पानांचे फोटो न फवारलेल्या बागेतले होते. मॉडेल डाग शिकलंच नाही, फवारणी शिकलं. विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न न वाचता ‘आकृती असलेल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ब असतं’ हे त्याने हेरलं आहे.

असे आडमार्ग द्राक्षात बरेच आहेत. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीचा जोर असतो, तेव्हा पानं कोवळी आणि आभाळ ढगाळ असतं. भुरीचे फोटो पुढे थंडीत, जून झालेल्या पानांचे मिळतात. मग पानाचं वय आणि उजेड यांवरूनच उत्तर फुटतं. एकाने सगळी डाऊनी टिपली आणि दुसऱ्याने सगळी भुरी, तर दोघांच्या फोनच्या रंगछटेवरून उत्तर मिळतं.

तपासायची सोपी रीत अशी. फोटोतलं पान काळ्या चौकोनाने झाका, फक्त कडेची पार्श्वभूमी ठेवा आणि त्यावर नवं मॉडेल शिकवा. प्लॉटनुसार वाटणीत त्याला ३३ च्या आसपास मार्क पडले तर पार्श्वभूमी निर्दोष. ५० पडले तर रोग नसलेल्या जागेतून उत्तर गळतंय.

हे काल्पनिक भय नाही. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा मोठा संच जगभर वापरला जातो. त्यात पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून फोटो काढले आहेत. २०१६ च्या अभ्यासात मोहंती, ह्यूज आणि सालाते यांच्या मॉडेलला त्याच संचातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के मिळाले. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१.४ टक्क्यांवर आलं आणि लेखकांनी ते स्वतःच लिहून ठेवलं. पुढे २०२२ मध्ये नोयान यांनी त्या संचातल्या फोटोंच्या पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं, त्याला ४९ टक्के मिळाले. ३८ वर्गांत नुसत्या अंदाजाने २.६ टक्के मिळतात.

नाशिककरांसाठी आणखी एक गोष्ट: त्या संचात द्राक्षाचे वर्ग ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी असे आहेत. डाऊनी आणि भुरी त्यात नाहीतच. तो संच वापरून आपल्या बागेतली डाऊनी ओळखायचं मॉडेल होत नाही.

चौथी तपासणी: पाठांतराला जागा कमी द्या

वाटणी प्रामाणिक झाली, आडमार्ग कळले, आता मॉडेलला हात लावायचा. वेळ एक-दोन दिवस, खर्च थोडा जीपीयूचा.

अडीच कोटी पॅरामीटर आणि २४० पानं हे जोडपंच विजोड आहे. आधी लहान मॉडेल घ्या आणि त्याचा आधीच शिकलेला भाग गोठवा.

```python
import keras

base = keras.applications.MobileNetV2(include_top=False, pooling="avg",
          weights="imagenet", input_shape=(224, 224, 3))
base.trainable = False
stop = keras.callbacks.EarlyStopping(monitor="val_loss", patience=5,
          restore_best_weights=True)
```

या मॉडेलमधून प्रत्येक फोटोचे १,२८० आकडे निघतात. त्यांवर तीन वर्गांचा एक थर लावला की शिकायचे पॅरामीटर १,२८० × ३ + ३ = ३,८४३ उरतात. इतक्या जागेत १,२०० फोटो जसेच्या तसे पाठ करणं अडीच कोटींइतकं सोपं राहत नाही. `patience=5` म्हणजे व्हॅलिडेशनचा लॉस सलग पाच इपॉक सुधारला नाही की थांबायचं. `restore_best_weights=True` विसरलात तर मॉडेल थांबेल खरं, पण बिघडलेल्या शेवटच्या अवस्थेत. फोटो मॉडेलला देण्याआधी `preprocess_input` लावायलाही विसरू नका. ते राहिलं तर निकाल पडतो आणि दोष विनाकारण ओव्हरफिटिंगवर जातो.

ऑगमेंटेशन म्हणजे तोच प्रश्न आकडे बदलून विचारणं. पण आकडे बदलताना उत्तर बदलता कामा नये. पान आडवं उलटवलं, थोडं फिरवलं, उजेड कमी-जास्त केला तर रोग तोच राहतो. रंगछटा फार फिरवू नका, कारण डाऊनीचा डाग पिवळा असणं हीच त्याची खूण आहे. ती पुसली तर मॉडेलला शिकायला काय उरलं? फोटो कुठूनही कापायची सवयही इथे महागात पडते: डाग कापून गेला आणि उरलेल्या हिरव्या तुकड्यावर ‘डाऊनी’ची चिठ्ठी राहिली की आपणच खोटं शिकवतो.

उदाहरणात इथवर ट्रेनिंग ८४ आणि प्लॉटनुसार सरासरी ६७ आली, असं धरा. ट्रेनिंगचा आकडा १०० वरून खाली आला म्हणून घाबरू नका, अंतर ४० वरून १७ झालं हे पाहा. त्यानंतर ड्रॉपआउट आणि वेट डिके लावून बघता येईल, पण तिथून सहसा दोन-तीन अंकच हाती लागतात.

इथे एक मर्यादा पाळा. तीस वेगवेगळ्या जुळण्या करून व्हॅलिडेशनवर सगळ्यात चांगली निवडली, तर आता तुम्हीच ती सराव परीक्षा पाठ केली आहे. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन प्लॉट बाजूला काढून सीलबंद ठेवायचे. ते पाकीट एकदाच, सगळे निर्णय झाल्यावर फोडायचं. फोडून निकाल आवडला नाही आणि पुन्हा बदल करून तिथेच तपासलं, तर ते पाकीट संपलं. नवीन प्लॉट शोधावे लागतील.

पाचवी तपासणी: नव्या बागा

सगळ्यात महाग आणि सगळ्यात परिणामकारक. पण ‘आणखी फोटो’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. त्याच १२ प्लॉटमधून आणखी १,२०० फोटो आणले तर विद्यार्थ्याला त्याच पाच प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स दिल्यासारखं होईल. दहा नव्या प्लॉटमधून प्रत्येकी दहा पानं, एका पानाचा एकच फोटो, असे १०० फोटो त्याहून जास्त शिकवतात.

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, सिन्नर अशा वेगळ्या बाजूंच्या बागा घ्या. थॉमसन आणि शरद अशा वेगळ्या जाती घ्या. फोन किमान तीन वेगळे असू द्या आणि प्रत्येक फोनवर तिन्ही वर्ग टिपा. तिसऱ्या तपासणीत सापडलेला आडमार्ग मुद्दाम मोडा: बोर्डो मारलेली निरोगी पानं आणि न फवारलेली रोगट पानं शोधून आणा. अशी पन्नास पानं सरसकट पाचशे फोटोंपेक्षा उपयोगी. पानाची खालची बाजूही टिपा, कारण डाऊनीची पांढरी बुरशी खालून दिसते आणि तेलकट डाग वरून. फोटो काढतानाच प्लॉट, पान, बाजू आणि तारीख लिहा, नंतर आठवत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

फोटोंवरच्या चिठ्ठ्यांबद्दल शंका असेल तर मॉडेलचं काम तिथेच थांबवा. रीत अशी: १०० फोटो निवडा, दोन जाणकारांना वेगवेगळे बसवून नावं द्यायला सांगा. १५-२० फोटोंवर त्यांचं एकमत होत नसेल तर मॉडेलकडून ९५ टक्क्यांची अपेक्षा करणं चूक आहे. उत्तरसूचीच चुकलेली असताना विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. सुरुवातीची डाऊनी, अन्नद्रव्याची कमतरता आणि औषधाने करपलेलं पान फोटोत गोंधळात टाकतात. याचा निकाल संगणकवाल्यांनी लावू नये. कृषी विज्ञान केंद्रातले किंवा पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले वनस्पतिरोगतज्ज्ञ गाठा. ते पान सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगू शकतात, फोटोतून ते कळत नाही.

एकूण प्लॉट आठ-दहापेक्षा कमी असतील आणि नवे मिळणार नसतील, तर संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कोणताही टक्का जाहीर करू नका. फोटो हजार असले तरी स्वतंत्र पुरावा आठच बागांचा आहे, आणि त्यातून निघणारी अनिश्चितता फोटो मोजून काढता येत नाही.

प्लॉटनुसार आकडा चार-पाच प्रयत्नांनंतरही हलत नसेल, तर मॉडेल बदलत बसू नका. २२४ पिक्सेलच्या चौकटीत १५ सेंटीमीटरचं पान बसवलं की ५ मिलिमीटरचा डाग जेमतेम सात पिक्सेलचा उरतो. कदाचित फोटोत ती माहितीच नाही. मोठ्या आकाराचे फोटो वापरून एकदा बघा आणि तरीही फरक पडला नाही तर संगणकदृष्टीवर काम केलेल्या व्यक्तीला डेटा दाखवा, कोड नंतर.

आणि मॉडेलच्या उत्तरावरून कोणी फवारणी करणार असेल तर तो टप्पा एकट्याने ओलांडू नका. डाऊनी चुकून ‘निरोगी’ ठरली तर पावसाळी हवेत काही दिवसांत घड हातचे जातात. निरोगी पान ‘डाऊनी’ ठरलं तर नको असलेली फवारणी होते, आणि निर्यातीच्या मालात औषधाच्या अवशेषांची मर्यादा ओलांडली की माल नाकारला जातो. तिथे प्रत्येक उत्तर कृषितज्ज्ञाच्या नजरेखालून गेलं पाहिजे, आणि सीलबंद प्लॉटवर किती डाऊनी पानं सुटली तो आकडा एकूण अ‍ॅक्युरसीच्या आधी त्यांच्यासमोर ठेवला पाहिजे.